लॉन्ड्रीतल्या ताईची मुलाखत

माझ्या ताईला कुणी कधी पद दिलं नाही. आमच्या लॉन्ड्रीचा मॅनेजर दादा, आणि ताई आपली ‘घरचीच’.

म्हणून हॉटेलच्या मुलाखतीत “कधी नेतृत्व केलंत का?” असं विचारल्यावर तिने पदाचं नावच काढलं नाही, सरळ एक प्रसंग सांगितला. इस्त्रीवाले रुसून घरी बसले होते आणि दवाखान्याच्या चादरी पडून होत्या. ती त्यांच्या घरी गेली, त्यांचं गाऱ्हाणं ऐकलं, रात्रपाळी सगळ्यांना आळीपाळीने लावली आणि पहिली स्वतः केली. चादरी वेळेवर पोचल्या. या उत्तराची घरी तालीम मीच घेतली होती. तिने ‘आम्ही केलं’ म्हटलं की मी डोळे वटारायचे. तूच केलंस ना, मग ‘मी’ म्हण!

मुलाखत घेणारी बाई खूश झाली. म्हणाली, “खात्रीसाठी लॉन्ड्रीच्या मालकांशी, म्हणजे तुमच्या वडिलांशी बोलते.”

फोन आला तेव्हा ताई बाबांसमोरच चादरींच्या घड्या घालत होती.

“ती होय?” बाबा हसले. “छे हो, ती नुसती हाताखाली असते. सगळं आमचा मुलगाच बघतो.”

दादा शेजारीच उभा होता. तो पावतीबुक चाळत राहिला. ताईचे हात मात्र थांबले.

बाबांनी फोन ठेवला आणि तिच्याकडे न बघताच म्हणाले, “अगं, इस्त्रीवाले पुन्हा कुरकुरतायत. तू जरा बघ. दादाला नाही जमायचं ते.”