पाचाच्या खालचे शब्द

सरांशी माझं कधीच पटलं नाही, आणि पटावं असं मलाही कधी वाटलं नाही. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर त्यांनी अमरावतीत भाषांतराचं कार्यालय काढलं होतं आणि मी तिथे शब्दसूचीचं काम बघायची. मोठा अहवाल आला की त्याची प्रकरणं तिघाचौघा भाषांतरकारांत वाटली जात. एकाने 'ओटा' लिहायचं, दुसऱ्याने 'चबुतरा', तिसऱ्याने आणखी काही, असा तमाशा होऊ नये म्हणून आधी मी अहवालातले महत्त्वाचे शब्द उपसायची आणि प्रत्येकासमोर एकच मराठी शब्द ठरवून द्यायची. लोकांना हे काम कंटाळवाणं वाटतं. मला आवडायचं, आणि मला आवडतं याचाच सरांना राग होता असं माझं मत आहे.

त्या वर्षी अकोल्याच्या एका भाजीबाजाराचा अहवाल आला. जुन्या शहरातला तो बाजार पाडून नवा बांधायचा होता आणि कुठल्याशा सल्लागार कंपनीने त्यावर इंग्रजीत चांगला जाडजूड ग्रंथ लिहिला होता. लोकांच्या हरकती ऐकायला सुनावणी होती, म्हणून मराठी प्रत हवी होती. बाजाराचं नाव मी दोनदा वाचलं, कारण माझी मामी तिथेच भाजी विकायला बसते. मामीकडे पिढ्यान्‌पिढ्या भाजीचे वाफे. पहाटे मेथी, वांगी, पालक काढायचा, बाजारात पोतं अंथरून विकायचा आणि ऊन चढायच्या आत परत शेतात. तिच्याकडे परवाना नाही. तो गाडीवाल्यांना लागतो, ठोकमध्ये माल घेऊन दिवसभर विकणाऱ्यांना. स्वतःच्या वाफ्यातली भाजी विकायला परवाना कशाला, असं तिला कायम वाटत आलंय, आणि तिचं बरोबरच आहे.

मी कामाला लागले. संगणकाला सांगायचं, की पुन्हा पुन्हा येणारी नामं आणि विशेषण जोडलेली नामं काढून दे. तो मुकाट्याने काढून देतो, अक्कल मात्र लावत नाही. यादीत सगळ्यात वर आलं 'अंतिम मसुदा अहवाल', कारण ते प्रत्येक पानाच्या तळाशी छापलेलं होतं. ते उडवलं. मग 'बाजार', 'बाजार पुनर्विकास' आणि 'बाजार पुनर्विकास प्रकल्प' असे एकात एक बसलेले शब्द आले. मधल्याचा आकडा फुगलेला दिसतो, कारण लांब शब्दसमूहातली त्याची हजेरीही त्यातच मोजलेली असते. ती वजा केल्यावर कळतं की तो एकटा फारसा कुठे आलेलाच नाही. एकवचन आणि अनेकवचन एकत्र करायचं, जोडरेघ असलेलं आणि नसलेलं एकत्र करायचं. हे सगळं झालं की उरतं ते माणसाने डोळ्यांनी बघायचं. निदान माझी पद्धत तशी होती.

सरांची वेगळी होती. त्यांनी यादी समोर घेतली आणि शब्द किती वेळा आला तो आकडा जिथे पाचाच्या खाली गेला तिथे रेघ मारली.

"याच्याखालचं काही ठेवायचं नाही," ते म्हणाले.

"सर, आकडा लहान म्हणजे शब्द लहान असं नसतं. कधी एकदाच येतो आणि त्याच्यावरच सगळं ठरतं."

"तू सगळाच अहवाल सूचीत घालशील. भाषांतरकारांनी सूची वाचायची का भाषांतर करायचं?"

त्यातही तथ्य होतं, हे आज रागात असूनही कबूल करते. हजार ओळींची सूची कोणी उघडत नाही. पण त्यांनी तिथे थांबायचं होतं. 'व्हेंडर' या शब्दासमोर मी 'विक्रेता' लिहिलं होतं. सरांनी ते खोडून 'फेरीवाला' केलं. लोकांना तोच कळतो म्हणे. यादी कंपनीकडे गेली, मंजूर होऊन आली आणि भाषांतर सुरू झालं.

सूची झाली की मीही एखादं प्रकरण करायची, या वेळी माझ्या वाट्याला सातवं आलं. त्यात लिहिलं होतं की नव्या बाजारातले सकाळचे ओटे 'प्रोड्यूसर-सेलर'साठी राखून ठेवावेत. हा कोण बुवा? पुढे वाचलं तर स्वतः पिकवून स्वतः विकणारा, त्याला परवान्याची अट नाही. म्हणजे माझी मामीच. सूचीत बघितलं, शब्द नाही. मग अख्ख्या अहवालात शोध घेतला, फक्त तो शब्द नव्हे, आजूबाजूची वाक्यंही. तिसऱ्या प्रकरणात याच माणसाला 'फार्मर व्हेंडर' म्हटलेलं. नवव्या प्रकरणात तर नाव असं नाहीच, 'आपलाच माल विकणारे पिकवणारे' अशा अर्थाची लांबलचक इंग्रजी शेपटी. नामाच्या मागे लागलेली शेपटी आमच्या संगणकाला पकडताच येत नसे, तो फक्त नामाच्या आधी आलेलं विशेषण बघायचा. तीन जणांनी तीन प्रकरणं लिहिली असणार, आणि कोणी कोणाचं वाचलं नसणार. प्रत्येक नाव दोन-तीनदाच, म्हणून प्रत्येक नाव पाचाच्या खाली. तिन्ही एकत्र केली तर सरांच्याच नियमाने तो शब्द आरामात वर बसत होता.

मला वाटलं, आता तरी ऐकतील. नियम त्यांचाच होता ना.

कागद घेऊन गेले. तिन्ही वाक्यं खुणा करून समोर ठेवली. त्यांनी वाचली आणि चष्मा काढला.

"सूची मंजूर झालीय," ते म्हणाले.

"मग दुरुस्ती पाठवू. एक ओळ वाढेल."

"म्हणजे आपण चुकलो असं लेखी द्यायचं? दोन चुकीच्या सूच्या गेल्या की तिसरं काम येत नाही, समजलं? आणि व्हेंडर तो व्हेंडर. शेतकरी असो का आणखी कोणी."

"व्हेंडर तो व्हेंडर नाही, सर. एकाला परवाना लागतो, दुसऱ्याला लागत नाही. ओटे दुसऱ्याला आहेत. आपण दोघांनाही फेरीवाला म्हटलं तर मराठीत ओटे परवानेवाल्यांना जातील."

"तुझं कोणी बसतं का तिथे?" त्यांनी विचारलं.

"माझी मामी बसते."

"मग बरोबर. तरीच."

त्या 'तरीच'ने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तीन वाक्यं दाखवली होती, मामी दाखवली नव्हती. मामी नसती तरी ती वाक्यं तिथेच असती. तसं तोंडावर म्हटलंही. सरांनी कागद माझ्याकडे सरकवले आणि संगणकाकडे तोंड फिरवलं. मी सातव्या प्रकरणात 'स्वतःचा माल विकणारे शेतकरी' असं लिहिलं. शेवटच्या तपासणीत त्यांनी हाही व्हेंडरच धरून सूचीप्रमाणे तिथे 'फेरीवाले' केलं. बाकी दोघा भाषांतरकारांनी सूची पाळली होती, त्यांचं काय चुकलं?

मराठी प्रत बाजारातल्या फलकावर लागली त्याच आठवड्यात मामीचा फोन आला. माझ्या मामेभावाने तिला ती वाचून दाखवली होती.

"काहून व, हे तुयाच हापिसातून आलं ना?" ती म्हणाली. "वर तुया सरचं नाव हाये. सकायचे ओटे फेरीवाल्याइले, अन्‌ फेरीवाल्याले परवाना पायजे. मंग मी कोठी बसू?"

"मामी, इंग्रजीत तसं नाहीये. इंग्रजीत ओटे तुमचेच आहेत."

"इंग्रजी कोन वाचते इथं? हरकत द्याची तं काय देऊ, का इंग्रजीत मी हावो अन्‌ मराठीत नाई?"

मी काहीतरी गुळमुळीत बोलले. ती ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती.

"आमचा माल खाऊन मोठी झाली तू," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी दुसऱ्या दिवशी कंपनीला मेल टाकला. सरांना वगळून नाही, त्यांनाही त्यात घातलं, कारण पाठीमागून करायची मला सवय नाही. तीन नावं, तिन्हींचं पान आणि पूर्ण वाक्य. खाली लिहिलं, की हा एकच गट आहे असं दिसतं, याला मराठीत एकच नाव द्यावं आणि ते फेरीवाला नसावं. बरोबर आहे का ते मूळ लेखकांनी सांगावं. बाजाराबद्दल, मामीबद्दल एक अक्षर नाही.

उत्तर यायच्या आधी सरांनी मला बोलावलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी पण ओरडले असते आणि बरं वाटलं असतं.

"उद्यापासून येऊ नको," एवढंच म्हणाले.

"ठीक आहे. पण सूचीत ती ओळ वाढवा," मी म्हटलं.

मी माझा डबा उचलला आणि निघाले. राजकमल चौकापर्यंत पायी आले तेव्हा लक्षात आलं, की चपला घातल्या होत्या पण छत्री तिथेच राहिली. परत गेले नाही, भिजले तर भिजले.

कंपनीचं उत्तर आलं. गट एकच आहे, नाव आता 'उत्पादक-विक्रेते' असं ठेवतो, दुरुस्तीपत्र काढतो. माझ्या मेलबद्दल आभारही होते, पण सरांच्या नावाने. सुनावणीला मी अकोल्याला गेले आणि मागच्या रांगेत बसले. सर पुढे होते. दुरुस्तीपत्र मोठ्याने वाचलं गेलं: सकाळचे ओटे उत्पादक-विक्रेत्यांसाठी राखीव, त्यांना परवान्याची अट नाही. अधिकाऱ्यांनी सरांना विचारलं, ही दुरुस्ती कशी झाली? सर उभे राहिले आणि म्हणाले, आमच्या कार्यालयाची तपासणी फार काटेकोर असते. मी बसल्या जागी दात खाल्ले. बाया टाळ्या वाजवत होत्या, त्यात मामीही होती.

बाहेर तिला गाठलं आणि सगळं सांगितलं, की मेल मी केला, नोकरी गेली. मला वाटलं होतं की ती जवळ घेईल.

"पयले तुमच्याच हापिसानं माहं नाव खोडलं," मामी म्हणाली. "मंग तुमच्याच हापिसानं लिवलं. अन्‌ तू मले सांगून राहिली का तुह्यानं झालं. मी कोनाले मानू?"

"मला मान. मी खोडलं नव्हतं."

"तं मंग मराठीत छापून आलं तवा तू कोठी होती? माह्या पोराच्या तोंडून आयकाव लागलं मले."

याचं उत्तर माझ्याकडे होतं. सरांना सांगितलं होतं, प्रकरणात लिहिलं होतं, त्यांनी खोडलं होतं. पण तिला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. तिला मी फोन केला नव्हता, एवढंच तिला दिसत होतं. आणि ते खरं होतं.

आता ती नव्या ओट्यावर बसते. मीही आता अकोल्यातच, जठारपेठेत घरी दोन खोल्यांत भाषांतराचं काम करते आणि आठवड्यातून एकदा त्या बाजारात जाते. तिच्याकडे वांगी चांगली असतात, ताजी, देठासकट. मी तिच्या समोर उभी राहिले की ती शेजारणीकडे बोट दाखवते आणि म्हणते, "तिकून घ्या, बाई." मला ती 'बाई' म्हणते. मी शेजारणीकडून घेते.