क्रेपचे तळ आणि रॉकेलचा बोळा

दादरला मामांचं उपहारगृह होतं आणि संयुक्त महाराष्ट्राच्या त्या धामधुमीत मी तिथे सामानसुमान बघायचो. मॅट्रिकनंतर कारकुनीची वाट बघत बसलेल्या पोराला घरचे दुसरं काय काम देणार! पण कामाची हौस मला नको तितकी होती. अर्धवट माहितीवर छातीठोक सल्ला द्यायचा हा आमच्या घराण्याचा रोग, आणि तो मला वाजवीपेक्षा जास्त लागला होता.

मामांनी त्या वर्षी स्वयंपाकघरातल्या जुन्या खडबडीत शहाबादी फरशा काढून गुळगुळीत पांढऱ्या टाइल्स बसवल्या. गिऱ्हाइकाला आत डोकावून बघू देत, म्हणायचे, आरशासारखं आहे की नाही! आरशासारखंच होतं, म्हणून तर त्यावर कुणी उभं राहू शकेना. भज्यांचं तेल उडायचं, मोरीचं पाणी वाहत यायचं, वर पिठाचा थर बसायचा. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत त्याच चिकट ओलाव्यात माणसं अनवाणी वावरायची.

आमचे आचारीकाका मालवणचे, पन्नाशीचे, भट्टीपुढे तीस वर्षं उभे राहिलेले. ते आधी एकदा पडले आणि कोपर सुजलं. दुसऱ्यांदा पडले तेव्हा हातातलं बटाट्याचं पातेलं मामांच्या पायाशी घरंगळत आलं. मामा वाईट नव्हते, पण घाबरट होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आणखी एकदा पडला तर त्याला गावी पाठवतो बाबा. कढईसकट पडला तर मी काय करू?"

"फरशी बदला," मी म्हणालो.

"आत्ताच बसवलीय. पायात घालायला काहीतरी बघ तू."

काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी झारा खाली ठेवला. "भाऊनू, आगीफुडे पायतान? माझ्या बापाशीन कधी घातला नाय." त्यांच्या घरी चुलीसमोर वहाण घालून उभं राहणं म्हणजे पापच. मी दोन दिवस त्यांच्या मागे भुणभुण लावली. गावी पाठवतील म्हटल्यावर शेवटी ते एवढंच म्हणाले की चामडं नको. बूट बाहेर रस्त्यावर नेणार नाही, आतल्या फळीवरच ठेवीन, म्हणजे निदान बाटणार तरी नाहीत.

मग मी शोधाला लागलो. चिंचपोकळीच्या एका मोच्याकडे टायरच्या चपला होत्या. त्या दणकट होत्या, पण बोटं उघडी, आणि त्यांचं रबर इतकं कडक की ओल्या टाइलवर पाय पकडच घेईना. गमबूट पाय झाकायचे, पण भट्टीपुढे पंधरा तास ते घालणं म्हणजे पाय वाफवून काढणं. तो मोचीच म्हणाला, माप संध्याकाळी घ्या, दिवसभर उभ्या माणसाचा पाय सुजतो, सकाळच्या मापाचा बूट दुपारी चावतो, आणि सैल घेतलात तर तो आतल्या आत घसरतो. शहाणा माणूस. त्याला तेलाबद्दलही विचारायला हवं होतं.

गिरगावातल्या दुकानात मला कॅनव्हासचे बूट दिसले, खाली क्रेपचा, म्हणजे कच्च्या रबराचा, जाड पिवळसर तळ. मी दुकानाच्या पायरीवर तांब्याभर पाणी ओतायला लावलं, एक बूट घालून उभा राहिलो आणि जोर लावून पाय सरकवून पाहिला. जागचा हलला नाही. दुकानदार हसत होता, आणि मी गड जिंकल्यासारखा. पाणी ओतून बघितलं, तेल ओतून बघायचं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. एवढंच चुकलं असतं तरी कदाचित निभावलं असतं.

पहिले पंधरा दिवस सगळे खूश. काका आधी चवड्यांवर तोल सांभाळत चालायचे, आता सरळ पावलं टाकू लागले. मला म्हणाले, "भाऊनू, कंबर दुखूची थांबली." मला इतका आनंद झाला की मी आईला घरी जाऊन सांगितलं.

तिसऱ्या आठवड्यात तळांवर तेलाचा काळा थर धरला आणि काका पुन्हा जपून चालू लागले. आता इथे माझा रोग उफाळून आला. सायकलची चेन आम्ही घरी रॉकेलनं साफ करायचो, स्टोव्हसुद्धा. मी म्हणालो, "काका, रोज काम संपलं की रॉकेलचा बोळा फिरवा, चिकटा लगेच निघेल." निघालाही. तळ लख्ख झाला, वर थोडा चिकटही लागायला लागला, आणि आमचा समज असा की पकड वाढली! काका मोठ्या श्रद्धेनं रोज बोळा फिरवायचे आणि बूट पुसून फळीवर ठेवायचे.

मग संयुक्त महाराष्ट्राच्या एका मोठ्या सभेचा दिवस आला. शिवाजी पार्कच्या बाजूला माणसांचा लोंढा लोटला होता, घोषणा आत भट्टीपर्यंत ऐकू येत होत्या. सकाळपासून भजी कमी पडत होती. सोड्याच्या गरम पाण्यानं फरशी दिवसातून दोनदा घासायचा आमचा शिरस्ता, त्या दिवशी ती एकदाही घासली गेली नाही. चारच्या सुमाराला काका कढई उतरवत होते. मी दारात उभा होतो, घाण्यावर घाणा मागत होतो. त्यांचा उजवा पाय पुढे गेला, असा की त्यांना ओरडायलाही वेळ मिळाला नाही.

दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

ते बूट मी दुसऱ्या दिवशी त्या मोच्याकडे नेले. त्यानं तळावर अंगठा दाबला, आणि अंगठ्याचा खळगा तसाच राहिला. खालची नक्षी कधीच बुजून गेली होती. "याला रॉकेल कुणी लावलं?" त्यानं विचारलं. "कच्च्या रबराला तेल सोसत नाही आणि रॉकेल तर त्याला खातंच. फुगतं, लोण्यासारखं होतं." मी बूट उचलून पिशवीत घातले.

इस्पितळात मी ते रॉकेलचं सांगायलाच गेलो होतो. वाटेत वाक्यंही जुळवून ठेवली होती. काकांचे दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत होते, बायको गावाहून आली होती, ती पाणी पाजत होती. मला पाहून त्यांनी बसायला सांगितलं.

"भाऊनू, तुमी जीवाक लावून घेव नका. तुमी माज्यासाठी किती फिरलात. माजाच चुकला. आगीफुडे पायतान घालून उभो रवलंय, तेचीच शिक्षा ही."

त्यांची बायको माझ्याकडे बघत होती. एक शब्द बोललो असतो तर हे पाप त्यांच्या डोक्यावरून उतरलं असतं आणि माझ्या डोक्यावर आलं असतं. मला ते कळत होतं.

"असेल काका," मी म्हणालो.

भट्टीवर मामांनी दुसरा माणूस ठेवला, तो अनवाणीच उभा राहू लागला. काका गावी गेले. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्या मुलीचं पत्र आलं. बाबांनी अग्नीची क्षमा मागायला घरी होम घातला, असं तिनं लिहिलं होतं. बोटं आकडून गेल्यामुळे त्यांना पळी धरता येत नव्हती, म्हणून आहुती तिनं टाकल्या आणि बाबा शेजारी बसून चुकलो, चुकलो म्हणत राहिले. तुमची आठवण काढतात, असंही होतं खाली. त्या पत्राला मी उत्तर लिहिलं नाही.