चौथ्या गणिताचं उत्तर

बीजगणिताचा पेपर देऊन बाहेर आलो तेव्हा डोकं पार बधिर झालं होतं. फाटकापाशी पोरं प्रश्नपत्रिका धरून उत्तरं ताडून बघत होती. मला त्या गलक्याचा लई वैताग. मान खाली घालून मी बिडकीनची एसटी गाठली आणि उद्याच्या भूमितीचं पुस्तक उघडलं.

गावचा मित्र मागून येऊन शेजारी बसला.

"चौथ्याचं उत्तर माझं एकट्याचंच वेगळं आलंय. तुझं किती?"

"नाय सांगणार. गप प्रमेय वाच."

त्यानं पुस्तक मांडीवर घेतलं, पण बिडकीन येईस्तोवर पान उलटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा भूमितीचा पेपर अर्धा कोरा राहिला.

सुट्टीत सरांनी ते चौथं गणित फळ्यावर सोडवलं. बरोबर फक्त तोच होता.