चिंचेचा कोळ आणि शालूचा काठ

दसऱ्यानंतरचा रविवार, सकाळ. हजर: मी, सासूबाई आणि माझी मुलगी. ठिकाण: डोंबिवलीतल्या आमच्या घराची गॅलरी.

कामं दोन होती. मुलीचा गरब्याचा टिकल्यांचा ब्लाऊज धुणे आणि सासूबाईंच्या लग्नातल्या शालूवरचा श्रीखंडाचा डाग काढणे. दसऱ्याला मुलीने शालू नेसून बघितला आणि बाई तशीच जेवायला बसली. स्वतःच्या साखरपुड्याला तिला तोच नेसायचा होता.

सासूबाईंना डागापेक्षा काठाची काळजी.

"काळा पडलाय. माझ्या नातीने असा नेसायचा? चिंच लाव. समई कशी लख्ख झाली, बघितलीस ना?"

दसऱ्याची भांडी घासून उरलेला चिंचेचा कोळ वाटीत होताच.

"आई, समई भरीव पितळेची. जरीवर नुसता मुलामा असतो."

"माझी जरी खरी आहे. माझ्या वडलांनी पारखून घेतलीय."

"आजी, त्यापेक्षा मी समईच नेसते ना," मुलगी म्हणाली.

वाद घालत बसलो असतो तर नळाचं पाणी गेलं असतं. नेसताना आत खोचतो त्या टोकाला थेंबभर लावून बघू, असं मी सुचवलं. सासूबाईंनी स्वतःच बोटाने लावला, चोळला, ओल्या फडक्याने पुसला. सोनेरी रंग गेला होता. खाली तांबूस तार दिसत होती.

सासूबाईंनी ते टोक उजेडात धरून बघितलं. मग म्हणाल्या, "आम्ही चार बहिणी. चौघींना सारखाच शालू घेतला होता वडलांनी." आणि वाटी उचलून मोरीत रिकामी केली.

मग कामाला लागलो. डागावर आधी टाल्कम पावडर टाकून तुपकटपणा शोषून घेतला. काठ कोरड्या पंच्यात गुंडाळून मुलीने वर धरला. तेवढाच भाग रिठ्याच्या गार पाण्याने हलक्या हाताने टिपला, साध्या पाण्याने पुसला, टॉवेलमध्ये दाबला आणि सावलीत पसरला. डाग गेला.

ब्लाऊजच्या पाठीवरच्या टिकल्या चिकटवलेल्या निघाल्या. त्या भिजवल्या असत्या तर सुटल्या असत्या. म्हणून ब्लाऊज उलटा करून फक्त काखा आणि गळा धुतला. बाह्यांवरच्या टिकल्या शिवलेल्या होत्या. त्यातले सुटू लागलेले दोरे धुण्याआधीच गाठ मारून पक्के केले. पिळलं काहीच नाही.

दुपारी सासूबाई वाळत्या शालूजवळ खुर्ची टाकून बसल्या.

"अत्तर काठावर मारू नकोस हो, आणखी काळा पडेल," त्यांनी नातीला बजावलं. मग मला म्हणाल्या, "शालूवरच्या नव्या ब्लाऊजला लेस चकचकीत आणू नकोस. या काठाशेजारी ओरडेल."

अशी मंद चमकेची लेस डोंबिवलीत दोन दुकानांत मिळाली नाही. कल्याणला जाऊन बघायचं आहे.