वर चढणारा आकडा

रोज साडेचारला आत्या लॅपटॉपची वायर नीट खोचलीय ना ते बोटानं चाचपायची आणि इंटरनेटचा वर पाठवायचा वेग तीनदा मोजायची. तीनपैकी सर्वांत कमी आकडा हातातल्या कागदावर लिहायची, त्यातला तिसरा हिस्सा सोडून द्यायची, आणि उरेल तेवढाच बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला व्हिडिओ किती माहिती पाठवणार तो आकडा, ठेवायची. मग पाचला वर्ग सुरू.

ती ऐकू न येणाऱ्या मुलांची शिक्षिका. तीस वर्षं शाळेत शिकवलं. निवृत्तीनंतर श्वासाचा आजार जडला, जिना चढणं संपलं, तेव्हा घरातूनच लाइव्ह शिकवू लागली. शब्द, गणित आणि शेवटी दहा मिनिटं हातांनी सांगितलेली गोष्ट. मागचा फुलाफुलांचा पडदा तिनं स्वतः काढून टाकला आणि करडी चादर लावली. "फुलं दाखवण्यात बिट खर्च होतात. माझ्या बोटांना कोण देणार?"

माझे बाबा, म्हणजे तिचे दादा, यावर हसायचे. "अगं, शंभरच्या स्पीडचा प्लॅन घेतलाय मी. कंजूषपणा कशाला?"

"दादा, शंभर खाली येतात. वर चढवायला माझ्या वाट्याला चार. पाणी खाली यायला काय, आपोआप येतं. टाकीवर न्यायला मोटर लागते."

"मोटर मी बदलतो."

"तू आधी चष्मा बदल."

एकदा मी तिला विचारलं होतं की चित्र जरा धूसर असलं तर काय बिघडतं. तिनं एक खूण करून दाखवली. हनुवटीपासून हात पुढे येतो, मग वळतो. "धूसर चालेल. पण मधलाच तुकडा गळला तर माझं वाक्य उलटं होतं. बोलणाऱ्याचा अर्धा शब्द ऐकूनही अंदाज बांधता येतो. इथे हातच शब्द आहे."

त्या महिन्यात एक मोठी गोष्ट चालू होती. हरवलेली शेळी शोधत निघालेली मुलगी. रोज एक भाग. मुलं चॅटमध्ये भांडायची, शेळी सापडणार की नाही यावर. शेवटचा भाग गुरुवारी होता. बुधवारी डॉक्टर येऊन गेले आणि बाबांना बाहेर नेऊन काहीतरी बोलले. बाबा आत आले ते आत्याच्या चेहऱ्याकडे बघतच राहिले.

गुरुवारी साडेचारला तिला उठवेना. बाबा म्हणाले, "तू पडून राहा, चिमणे. आज मशीन मी लावतो." त्यांनी सकाळी सहालाच वेग मोजला होता. वर जाणारा आकडा नऊ आला होता. सकाळी सगळी बिल्डिंग झोपलेली असते, संध्याकाळी सगळे एकाच लाइनवर बसतात, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी रिझोल्यूशन सगळ्यात वरचं निवडलं आणि बिटरेट सहा हजार, म्हणजे नऊतला तिसरा हिस्सा सोडून सहा, ठेवला. मला हळूच म्हणाले, "तिचा चेहरा एकदा तरी छान दिसू दे सगळ्यांना."

पाचला ती बसली. बाबांनी तिचं चित्र पूर्ण स्क्रीनभर मोठं केलं. खालच्या कोपऱ्यात चित्राच्या किती फ्रेम वाटेत गळताहेत ते दाखवणारी ओळ असते, ती झाकली गेली. चॅटही झाकलं गेलं. ते ती तसंही गोष्ट संपल्यावरच बघायची. समोर मात्र ती अगदी स्वच्छ दिसत होती, कारण ते चित्र घरातल्या कॅमेऱ्याचं होतं. बाहेर पोचत होतं ते वेगळंच. बाबा डोळे पुसत बघत राहिले. त्या दिवशी तिचे हात फार सुंदर चालले. मला खुणा थोड्याच येतात, बाबांना तेवढ्याही नाहीत, शेवट नीट कळला नाही. तिनं दोन्ही तळवे छातीशी आणले आणि थांबली.

मग चॅट उघडलं.

"बाई, हात थांबला." "परत सांगा." "चित्र अडकलं." "शेळी सापडली का?"

साइटवर आपोआप राहणारी वर्गाची व्हिडिओ नोंदही तशीच तुटकी होती. घरात वेगळं रेकॉर्डिंग कधीच करत नव्हतो, जुन्या लॅपटॉपला दोन्ही कामं झेपत नसत.

बाबा म्हणाले, "माझं चुकलं गं."

"तुझं कधी बरोबर आलंय?" ती हसली, मग खोकली. मी म्हटलं, शेवट टाइप करून पाठवूया. तिनं मान हलवली. "हाताची गोष्ट हातानंच संपवायची." तिनं चॅटमध्ये स्वतः लिहिलं: उद्या पुन्हा, पाच वाजता.

शुक्रवारचा वर्ग झाला नाही. पहाटेच ती गेली. मुलांना आम्ही काय लिहिलं ते आठवत नाही. शेळीचं काय झालं हे आम्हा दोघांनाही माहीत नाही. बाबा अजून ती तुटकी नोंद लावतात, हात जिथे गोठतो तिथे थांबवतात, पुढचं काढायचा प्रयत्न करतात.

त्या गुरुवारी रात्रीचं जेवण अर्धवट टाकून ती उठली होती. दारात थांबून मला म्हणाली,

"उद्या जरा लवकर उठव मला. केस धुवायचेत."