धुराड्याजवळची पंधराची मोटार

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या पशुखाद्याच्या कारखान्यात मी विजेचं खातं सांभाळते. केडगावहून सकाळच्या बसने निघते, मिरजगावच्या अलीकडे उतरते, आणि गेटमध्ये शिरता शिरताच कुणाला तरी बोलते. माझ्या तोंडाला सगळे घाबरतात. एक मिस्त्री तेवढे घाबरायचे नाहीत, आणि नेमकं त्यांचंच माझ्या हातून वाटोळं झालं.

मिस्त्रींचं मिरजगावात रस्त्याला लागूनच मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. जळालेली मोटार उघडायची, आतली तांब्याची जुनी वायर काढायची, नवी वायर मोजून गुंडाळायची, वार्निश पाजून भट्टीत वाळवायची, हे काम त्यांनी सगळा जन्म केलं. आजूबाजूचे झाडून सगळे कारखाने मोटारी त्यांच्याकडेच पाठवायचे. मी इथे नवीन लागले तेव्हा मोटारीच्या अंगावर हात ठेवून ती सुखात आहे की त्रासात, हे त्यांनीच मला शिकवलं. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला ताई म्हणायचे.

आमच्या बॉयलरचा धूर ओढून धुराड्यात ढकलणारा एक पंखा वर पत्र्याखाली आहे. त्याला जुनी, वीस हॉर्सपॉवरची मोटार होती. वीज खाणारी. वरून सारखे बोल यायचे, की बिल कमी करा. मी मीटर लावून बघितलं, तर पंख्याला लागत होते जेमतेम साडेपंधरा. मला वाटलं, मग हे वीसचं धूड कशाला पोसायचं? मी पंधराची नवी मोटार निवडली. आयई-थ्री वर्गाची, म्हणजे तेवढ्याच कामाला कमी वीज घेणारी. वर तिच्या पाटीवर सर्व्हिस फॅक्टर लिहिलेला होता, एक पूर्णांक पंधरा. म्हणजे पंधराची मोटार गरज पडली तर सव्वासतरापर्यंत ओढेल. साडेपंधरा कुठे आणि सव्वासतरा कुठे! मी खुशीत कागद वर पाठवला.

काका त्या दिवशी दुसरीच एक मोटार पोचवायला आले होते. पंख्याकडे बघून म्हणाले, "ताई, ही लहान पडंल."

"पडत नाही. सर्व्हिस फॅक्टर आहे."

"आसंल. पर ह्या जागेला लई गरम हाय. अंगाला चटका बसतोय हितं."

"काका, ही नवीन जातीची आहे. हिच्यात उष्णताच कमी तयार होते. तुमच्या वेळच्या मोटारी वेगळ्या."

ते हसले. "बरं बाई, तुमी शिकलेल्या," म्हणाले आणि गेले. त्यात टोमणा नव्हता, पण मला तो लागला, कारण मला टोमणाच हवा होता.

जानेवारीत मोटार बसली आणि बिल खरंच खाली आलं. सगळ्यांनी शाबासकी दिली. एप्रिलच्या शेवटी मोटार जळाली. बनवणाऱ्यांनी भरपाईच्या अर्जावर शंभर प्रश्न विचारले आणि मोटार घेऊन जायलाही महिना लागेल म्हणाले. तेवढा वेळ कुणाला होता? मी ती काकांकडे दिली. त्यांनी नवी वायर गुंडाळून तीन दिवसांत भरून दिली. देताना पुन्हा म्हणाले, "वीसचीच लावा ताई. ही मी भरून दिली हाय, पर जागा तीच हाय." मी ऐकलं नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यात ती पुन्हा जळाली आणि चालू बॉयलर बंद पडला. मॅनेजर साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, हे कसं झालं?

मी लिहून दिलं, "रिवाइंडिंग सदोष."

दोनच शब्द. ते लिहायला मला क्षणभरही विचार करावा लागला नाही, याची आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी काका जळालेल्या वायरीची एक गुंडी पिशवीत घालून आले. माझ्या टेबलावर ठेवली. "ताई, नुसतं बघा. माझं काम कच्चं आसतं तर एका जागी फुटलं आसतं. हे बघा, तिन्ही फेज सारखेच काळे हायत. सगळी सारखी भाजलीय. हे वाइंडिंगचं न्हाई, हे उन्हाचं आन् वझ्याचं हाय."

मी गुंडीकडे बघितलंसुद्धा नाही. "काका, माझ्यामागे दहा कामं आहेत," मी म्हणाले.

त्यांनी गुंडी पुन्हा पिशवीत घातली. पिशवीची गाठ त्यांच्या बोटांना पटकन बसेना, तेवढं मला दिसलं.

त्या अहवालावर त्यांचं नाव कारखान्याच्या यादीतून निघालं. आमच्याकडे बोललेलं बाकीच्या कारखान्यांत पोचायला काय लागतं? सगळे एकमेकांना ओळखतात. हळूहळू बाकीच्यांनीही मोटारी नगरला पाठवायला सुरुवात केली. काकांच्या दुकानात शेतकऱ्यांचे पाण्याचे पंप आणि घरातले पंखे राहिले.

आम्ही पंधराचीच दुसरी, कोरी मोटार आणली. ती जूनमध्ये बसली. पाऊस झाला, हवा निवली, मोटार सुरळीत चालली. दिवाळी गेली, थंडी गेली. बघा, मी म्हणायचे, नवीन चालते, भरलेली चालली नाही. माझ्या हुशारीचा याहून मोठा पुरावा मला नको होता.

पुढच्या एप्रिलमध्ये ती कोरी मोटारही जळाली.

या वेळी दोष द्यायला काकांचं वाइंडिंग नव्हतं. दुपारी चार वाजता मी थर्मामीटर घेऊन वर चढले आणि तो मोटारीला गार करणाऱ्या तिच्या मागच्या छोट्या पंख्याजवळ, सावलीत टांगला. वर पत्रा, बाजूला धुराडं, खाली बॉयलर. पारा बावन्नवर जाऊन थांबला. मी तिथेच पायरीवर बसले आणि मोबाईलवर मोटारीचं पुस्तक उघडलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पाटीवरची ताकद चाळीस अंशांपर्यंतची. हवा त्याहून गरम असेल तर ताकद कमी धरायची. पन्नासच्या आसपास साधारण दहावा हिस्सा गेला, म्हणजे माझी पंधराची मोटार तिथे साडेतेराचीच होती, त्याहून थोडी कमीच. आणि सर्व्हिस फॅक्टरसुद्धा चाळीस अंशांपर्यंतच. तो वेगळा कुठून येत नाही. उष्णता सोसायला मोटारीत जी थोडी जागा राखलेली असते, तीच तो वापरतो. उन्हाने ती आधीच खाल्ली होती. एका पाहुण्यापुरती भाकरी होती, आणि मी ती दोघांच्या ताटात मोजली होती.

त्यातही एक गंमत होती. गंमत कसली, कपाळ माझं! आयई-थ्री मोटार जुनीपेक्षा जराशी जोरात फिरते. पंखा जरा जोरात फिरला की ओझं त्याहून जास्त वाढतं. माझे साडेपंधरा तिथे सव्वासोळा झाले होते. आणि मोटारीला जपणारी, ओझं वाढलं की वीज तोडणारी रिले मी सर्व्हिस फॅक्टर धरूनच ढिली लावली होती, ती पण खाली गार खोलीत. तिला वरची आग कळणार कुठून?

मी खाली आले, कोऱ्या मोटारीचं झाकण उघडायला लावलं. तिन्ही फेज सारखेच काळे.

त्याच संध्याकाळी मी काकांकडे गेले. दुकानात ते एकटेच बसले होते, हातात घरगुती पंखा. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बावन्न अंश, साडेतेरा, सव्वासोळा, सगळं. मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मंजी माझं काम चांगलं हुतं."

"चांगलं होतं, काका."

"मग आसं करा ताई. तुमी लिहून दिलं हुतं. आता तसंच लिहून द्या. कारखान्याच्या कागदावर, सही-शिक्क्यासकट. मला दुसरं काय बी नगं."

"देते," मी म्हटलं. "ह्याच आठवड्यात देते."

वीसची आयई-थ्री मोटार आली. बावन्न अंशातही ती अठराच्या आसपास ताकद राखते. आजही ती मजेत फिरते आहे. कागद मात्र राहिला. मॅनेजर साहेब म्हणाले, "झालं ना आता? कशाला उकरून काढता? वर विचारतील की दोन मोटारी कुणामुळे गेल्या." माझ्या बढतीची वेळ होती. मी म्हटलं, ती होऊ दे. मग ऑडिट आलं, ते होऊ दे. काकांचा एकदा फोन आला, "झालं का ताई?" मी म्हटलं, "ह्या आठवड्यात नक्की." त्यांनी पुन्हा कधीच विचारलं नाही. मला ते सोयीचं वाटलं. देवा, मला ते सोयीचं वाटलं!

डिसेंबरात एका सकाळी बसमध्ये कुणीतरी बोललं, वाइंडिंगवाले मिस्त्री गेले. दुकानातच छातीत कळ आली.

मी कारखान्यात पोचले आणि कागद लिहिला. वीस मिनिटं लागली. आठ महिने जे झालं नव्हतं, ते वीस मिनिटांचं काम होतं. साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, शिक्का मारा. माझा चेहरा बघून त्यांनी काही न विचारता मारला.

दहाव्याला मी गेले. काकू दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. कागद त्यांच्या हातात दिला तेव्हा मला रडू फुटलं. त्या रडल्या नाहीत. कागद उलटा-सुलटा करून बघितला.

"मला वाचता येत न्हाई. काय लिवलंय?"

मी हळू आवाजात वाचलं, की मोटार जळण्याचं कारण रिवाइंडिंग नव्हतं. मोटार त्या जागेच्या उष्णतेला आणि ओझ्याला अपुरी होती. निवड चुकीची होती, आणि ती निवड मी केली होती.

काकूंनी ऐकून घेतलं. मग हाताने रस्त्याकडे दाखवलं. समोर चहाची टपरी होती, शेजारी पंक्चरवाला, दोन-चार टेम्पो उभे. "ते दीड वरीस ह्या लोकांत मान खाली घालून बसलं. मला काय वाचून दावताय? उभं ऱ्हा आन् मोठ्यानं वाचा. तुमचा आवाज तर लई मोठा हाय म्हनायचे."

मी उभी राहिले. पहिल्या ओळीला आवाज फुटेना. दुसऱ्यांदा फुटला. मी सगळा कागद वाचला, सहीसुद्धा, हुद्द्यासकट. पंक्चरवाला हातातली ट्यूब तशीच धरून पुढे आला.

"मंजी मिस्त्रीची चूक न्हवती व्हय?"

"नव्हती," मी म्हटलं. "माझी होती."