खुर्चीवरचा खोटा आळ

फिजिओबाई ऑफिसात आल्या की त्यांच्या खोलीबाहेर रांग लागायची, आणि प्रत्येकाची तक्रार एकच: पाठीत, दोन फऱ्यांच्या, म्हणजे खांद्याच्या पात्यांच्या, मध्ये दुखतंय. दुखणार नाही तर काय? स्क्रीन टेबलाशी, मान पुढे, खांदे गोल, आणि चहापुरतं उठणं तेवढीच हालचाल. स्क्रीन वर घ्या, मधून मधून उठा, हे बाई वर्षानुवर्षं सांगत होत्या. पालथ्या घड्यावर पाणी. व्यायाम कुणालाच नको, नवी खुर्ची सगळ्यांना हवी.

त्यात आराखडे विभागातले दादा म्हणजे कळस. दर महिन्याच्या बैठकीत बसले की त्यांच्या उजव्या फऱ्याखाली कळ यायची. खापर फुटायचं बैठकीच्या खुर्चीवर. दोनदा खुर्ची बदलली, कळ तीच.

आजही ते बैठक अर्धवट सोडून आले आणि पालथे पडले. "बाई, जोर लावून दाबा."

बाईंनी दाबलं. इतरांच्या गाठीवर बोट पडलं की ते कळवळायचे, दादा ढिम्म. हात वर करायला लावले, कमरेतून वळवलं. कळ वाढेना की कमी होईना. आखडलेला स्नायू असा वागत नाही. दाबलं, हललं की तो काहीतरी बोलतो. बाईंचा वैताग विरला आणि त्या एकेक विचारू लागल्या.

छातीत दाब, घाम, दम? दादा नाही म्हणाले. मळमळ? तेवढी होतेच. बैठकीआधी ऑफिसकडून तळणाचं भरगच्च जेवण असायचं, एरवी घरचा साधा डबा. आणि गेल्या महिन्यात भाच्याच्या वाढदिवसाला खाऊन सोफ्यावर लवंडले होते, तेव्हाही असंच झालं होतं.

"म्हणजे खुर्ची नव्हती आणि तरी दुखलं," बाई म्हणाल्या. "चोर सोडून संन्याशाला सुळी देताय तुम्ही. हे पाठीचं नाही, आतलं दिसतंय. आत्ता दवाखान्यात जा. आधी ईसीजी, मग पोटाची सोनोग्राफी."

दादा चिडले. दाबायचा कंटाळा आलाय म्हणून टोलवताय, असं सरळ तोंडावर म्हणाले. बाई दाराशी उभ्या राहिल्या.

"वहिनींना फोन लावा. माझ्यासमोर."

दादांनी कुरकुरत लावला. वहिनी मात्र टाळाटाळ करणाऱ्यांतल्या नव्हत्या; त्या थेट रिक्षा घेऊनच आल्या.

हृदय ठणठणीत निघालं. पित्ताशयात खडे होते आणि ते सुजायला लागलं होतं. ऑपरेशन झालं. आणखी थांबले असते तर जड गेलं असतं, असं डॉक्टर वहिनींना म्हणाले.

बरेच आठवडे गेल्यावर दादा पुन्हा रांगेत दिसले. पाठ दुखते म्हणे, दिवसभर वाकून आराखडे केले की. बाईंनी धास्तावतच दोन फऱ्यांच्या मध्ये बोट रोवलं.

"आई गं!"

"इथेच? हात वर केला की?"

"तिथेच हो, किती दाबताय!"

इतका आनंद बाईंना कित्येक दिवसांत झाला नव्हता. "दुखू दे," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसायला वळल्या. मग कोपऱ्यातल्या दोन जाड फायली उचलून त्यांनी दादांच्या हातात कोंबल्या. "ह्या स्क्रीनखाली. आजच."